औषधाच्या खोक्यातला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद फोटोवरून कसा वाचायचा

मावसबहिणीचा रात्री फोटो आला, खाली एवढंच लिहिलेलं, "दादा यात बघून सांग ना हे पिल्लूला चालेल का, काय त्रास होऊ शकतो आणि फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर." फोटो उघडला तर एका चादरीएवढ्या पसरलेल्या कागदाचा एकच फोटो, चार कॉलम, मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा, आणि झूम केलं की अक्षरांच्या जागी राखाडी शेवाळ. औषध होतं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं ड्राय सिरप, म्हणजे पावडरची बाटली येते, त्यात पाणी घालून हलवायचं आणि मग द्यायचं, ते. मुलगा पाच वर्षांचा.

मी औषधांच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढलीत त्यामुळे असे फोटो मला नेहमी येतात, आणि खरं सांगायचं तर तिचे तिन्ही प्रश्न अगदी बरोबर होते, त्या कागदात नेमकं तेवढंच शोधायचं असतं. कोणी हे औषध अजिबात घ्यायचं नाही (कॉन्ट्राइंडिकेशन्स), काय त्रास होऊ शकतो (साइड इफेक्ट्स), आणि ठेवायचं कसं (स्टोरेज). बाकीचा कागद डॉक्टर-फार्मासिस्टच्या कामाचा. पण ही तीन उत्तरं एकेका जागी नीट बसलेली नसतात, तुकड्यातुकड्यात विखुरलेली असतात आणि फोटोत नेमका महत्त्वाचा तुकडा पुसट येतो. म्हणून हे एकच उदाहरण धरून सगळं सांगतो.

आधी फोटो, कारण अर्धी चूक तिथेच होते. अमेरिकेच्या नियमात खोक्यासोबत येणाऱ्या या कागदाला ६ पॉइंटपर्यंत बारीक अक्षर चालतं. ६ पॉइंट म्हणजे ओळीची उंची साधारण दोन मिलिमीटर, आणि इंग्रजी लहान लिपीतलं e किंवा a म्हणाल तर जेमतेम एक मिलिमीटर. आता हिशोब करा. फोनचा फोटो समजा ४००० पिक्सेल रुंद आहे आणि तुम्ही ४० सेंटिमीटरचा अख्खा कागद त्यात बसवला, तर एका मिलिमीटरला १० पिक्सेल मिळाले. म्हणजे एक अक्षर १० पिक्सेल उंच, हात हलला नसेल तर वाचता येतं, कसंबसं. पण मग तोच फोटो चॅटवर पाठवला, अ‍ॅपने तो आक्रसून समजा १६०० पिक्सेलचा केला, की अक्षर उरलं ४ पिक्सेलचं. चार पिक्सेलमध्ये e, c आणि o सारखेच दिसतात, आणि 3 आणि 8 सुद्धा. कितीही झूम करा, जे फोटोत आलंच नाही ते झूममधून येत नाही.

म्हणून तिला म्हटलं, आधी अख्ख्या कागदाचा एक फोटो काढ, तो फक्त नकाशा म्हणून, कुठे काय आहे ते कळायला. मग कागदाचे सहा-आठ तुकडे समज आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो, शेजारच्या तुकड्याच्या दोन-तीन ओळी दोन्हीकडे याव्यात असा, म्हणजे जोडताना मध्ये ओळ गळत नाही. आणि पाठीमागची बाजू विसरू नकोस, स्टोरेज बऱ्याचदा तिथे शेवटी असतं. पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग तो आक्रसत नाही.

अजून दोन गोष्टी ज्या लोकांना सुचत नाहीत. हा कागद इतका पातळ असतो की मागची छपाई पुढे दिसते, आणि पांढऱ्या टेबलावर ठेवला तर अजूनच दिसते, दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळतात. त्याखाली काळं काहीतरी ठेवा, काळी फाइल, काळं कव्हर, काहीही, मागची अक्षरं जवळजवळ गायब होतात. आणि फ्लॅश बंद, दिवा किंवा खिडकी बाजूने. फोन अगदी नाकाला लावल्यासारखा कागदाला चिकटवू नका, खूप जवळ गेला की फोकस बसत नाही, काही फोन तर गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातात आणि कडेची अक्षरं वितळल्यासारखी येतात. एक वीतभर किंवा थोडं जास्त अंतर ठेवून दुप्पट झूम करा, ते बरं. घडी जिथे पडलीये तिथे कागद हाताने सपाट करून घ्या कारण दशांश चिन्हाचा टिंब घडीत लपायला अर्धा मिलिमीटर पुरतो.

दुसऱ्यांदा आठ फोटो आले, यावेळी झकास.

आता कागदात शिरायचं कुठून? वरून खाली वाचायला घेतलंत तर तिसऱ्या ओळीला डोकं फिरेल, तिथे रेणूचं नाव, रसायन, जंतूंची यादी असलं असतं. हेडिंग शोधत जायचं. पण आधी हे बघा की कागद कोणासाठी लिहिलाय. एक प्रकार रुग्णासाठीचा, त्यात भाषा साधी असते, तुम्ही हे घेण्याआधी काय माहीत असायला हवं वगैरे. युरोपच्या पद्धतीच्या रुग्ण-पत्रकात सहा भाग असतात आणि क्रम ठरलेला, दुसऱ्या भागात कोणी घ्यायचं नाही, चौथ्यात साइड इफेक्ट्स, पाचव्यात ठेवायचं कसं. हा कागद मिळाला तर नशीब समजा.

दुसरा प्रकार डॉक्टरांसाठीचा. त्यात युरोपियन पद्धत असेल तर आकडे लक्षात ठेवा: ४.३ म्हणजे कॉन्ट्राइंडिकेशन्स, ४.४ म्हणजे इशारे आणि काळजी, ४.८ म्हणजे साइड इफेक्ट्स (तिथे नाव असतं अनडिझायरेबल इफेक्ट्स, म्हणजे नको असलेले परिणाम, म्हणून साइड इफेक्ट हा शब्द शोधणारा उपाशी राहतो), आणि ६.३ व ६.४ मध्ये किती दिवस टिकतं व कुठे ठेवायचं. अमेरिकन पद्धतीत ४ नंबरला कॉन्ट्राइंडिकेशन्स, ५ ला इशारे, ६ ला अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन्स म्हणजे पुन्हा साइड इफेक्ट्सच, आणि स्टोरेज थेट १६ ला, म्हणजे कागदाच्या पार शेपटाला. त्या अमेरिकन कागदात सुरुवातीला एक छोटा गोषवारा असतो, लोक तेवढाच वाचून थांबतात, पण तो नुसता गोषवाराच आहे, पूर्ण मजकूर खाली आहे. नंबर नसलेले जुन्या धाटणीचे कागदही येतात, तिथे ठळक किंवा मोठ्या लिपीतलं हेडिंग शोधायचं, क्रम साधारण हाच असतो. बहिणीचा कागद ४.३ वाल्या पद्धतीचा निघाला.

४.३ मध्ये फक्त तीन ओळी होत्या. पहिली, अमॉक्सिसिलिन, क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड, कुठलंही पेनिसिलिन किंवा या औषधातला इतर कुठलाही घटक याची अ‍ॅलर्जी असेल तर नाही. दुसरी, दुसऱ्या कुठल्याही बीटा-लॅक्टम औषधाने, म्हणजे पेनिसिलिनच्याच मोठ्या कुटुंबातल्या औषधाने, उदाहरणार्थ सेफॅलोस्पोरिनने, पूर्वी तीव्र आणि तात्काळ अ‍ॅलर्जी आलेली असेल तर नाही. तिसरी, याच औषधाच्या जोडीने पूर्वी कावीळ किंवा लिव्हरचा त्रास झालेला असेल तर नाही.

इथेच ती थबकली. म्हणाली, "अरे दादा, त्याला मागे एक अँटिबायोटिक दिलेलं तेव्हा अंगावर पुरळ आलेलं." मी म्हटलं जुनी चिठ्ठी शोध. सापडली, आणि त्यात होतं सेफिक्सिम, म्हणजे सेफॅलोस्पोरिनच. आता घाईघाईत वाचणारा म्हणेल की बस, दुसरी ओळ लागू झाली, औषध बंद. पण ओळ परत वाचा, त्यात दोन विशेषणं आहेत, तीव्र आणि तात्काळ, आणि पुढे कंसात अ‍ॅनाफिलॅक्सिस असं उदाहरण दिलेलं. तीव्र आणि तात्काळ म्हणजे डोस दिल्यावर मिनिटांत, फार तर तासाभरात, ओठ-जीभ सुजणं, श्वास घरघरणं, अंगभर गांधी उठणं, मूल गळाठून जाणं असलं काहीतरी. पिल्लूला काय झालेलं? औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी पोटावर बारीक लाल पुरळ, खाज नाही, ताप नाही, दोन दिवसांत गेलं. म्हणजे ४.३ च्या शब्दात हे बसत नाही. पण म्हणून विषय संपला असंही नाही, कारण खाली ४.४ मध्ये पहिलंच वाक्य आहे की औषध सुरू करण्याआधी पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन किंवा इतर बीटा-लॅक्टमची कुठलीही अ‍ॅलर्जी पूर्वी आली होती का याची नीट चौकशी करावी. म्हणजे कागद म्हणतो, हे डॉक्टरला सांगा, आणि डॉक्टरने ठरवावं.

४.३ आणि ४.४ मधला फरक असा की ४.३ म्हणजे दार बंद, ४.४ म्हणजे दार उघडं आहे पण आत जायच्या आधी विचारा. वाचताना क्रियापदाकडे बघा. मस्ट नॉट, डू नॉट, इज कॉन्ट्राइंडिकेटेड ही बंद दारं, आणि विथ कॉशन, शुड बी मॉनिटर्ड, टॉक टू युअर डॉक्टर ही विचारायची दारं. फोटोत हे हेडिंग कापलं गेलं आणि नुसता परिच्छेद दिसला तर दोन्ही सारखेच भीतीदायक वाटतात, म्हणून परिच्छेद कुठल्या हेडिंगखाली आहे ते नकाशावाल्या फोटोत तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि बंद दारं सगळी ४.३ मध्येच असतात असंही नाही हं. काही औषधांत अमुक दुसऱ्या औषधासोबत अजिबात नाही हे ४.५ मध्ये, म्हणजे औषधा-औषधांच्या भांडणाच्या भागात, जास्त खुलासेवार लिहिलेलं असतं, गरोदरपणाचं ४.६ मध्ये. आणि पहिल्या ओळीतलं ते "इतर कुठलाही घटक" हे वाक्य तुम्हाला सरळ घटकांच्या यादीकडे पाठवतं, जी कागदाच्या दुसऱ्याच टोकाला ६.१ मध्ये असते. या सिरपमध्ये बऱ्याचदा गोडीसाठी अ‍ॅस्पार्टेम असतं, आणि फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना ते त्रासदायक. ज्यांच्या घरी तो आजार आहे त्यांना तो माहीतच असतो, पण त्यांना ते अ‍ॅस्पार्टेम दिसायला हवं ना, आणि ते असतं सगळ्यात बारीक ओळीत.

साइड इफेक्ट्सचा भाग मात्र बहिणीने स्वतःच वाचला आणि घाबरून फोन केला. "अरे यात अ‍ॅनाफिलॅक्सिस, कावीळ, कातडी सुटणं, झटके, सगळं लिहिलंय!" हो, लिहिलंय. पण ४.८ मधलं टेबल हे काय होऊ शकतं याची यादी आहे आणि त्याच्या शेजारच्या कॉलममध्ये किती वेळा ते लिहिलंय, आणि तो शेजारचा कॉलम वाचल्याशिवाय यादीला काही अर्थ नाही. त्यातले शब्द बोलीभाषेतले वाटतात पण त्यांच्यामागे पक्के आकडे आहेत. व्हेरी कॉमन म्हणजे दहातल्या किमान एकाला. कॉमन म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना. अनकॉमन म्हणजे हजारात एक ते दहा. रेअर म्हणजे दहा हजारात एक ते दहा. व्हेरी रेअर त्याहूनही कमी. आपण बोलताना कॉमन म्हणजे "सगळ्यांनाच होतं" असं म्हणतो, इथे कॉमन म्हणजे शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त लोकांना ते होत नाही.

तिच्या कागदात जुलाब, मळमळ, उलटी कॉमनमध्ये. पुरळ, खाज अनकॉमनमध्ये. आणि तिला घाबरवणारे सगळे, अ‍ॅनाफिलॅक्सिस, कावीळ, कातडीचे भयंकर प्रकार, शेवटच्या रांगेत, जिथे लिहिलेलं असतं नॉट नोन. आता नॉट नोनचा अर्थ लोक दोन्हीकडून चुकीचा घेतात, कोणी म्हणतं "माहीत नाही म्हणजे झालेलंच नसेल", कोणी म्हणतं "त्यांनाच माहीत नाही म्हणजे कितीही होत असेल". दोन्ही नाही. हे झाल्याची नोंद आहे, पण औषध बाजारात आल्यावर लोकांनी कळवलेल्या केसेसवरून, आणि किती लोकांनी औषध घेतलं त्यातल्या कितींना झालं हा भागाकार नीट करता येत नाही, म्हणून आकडा टाकलेला नाही, बस इतकंच.

या टेबलाचा एक वैताग म्हणजे ते शरीराच्या भागांप्रमाणे लावलेलं असतं, आधी इन्फेक्शन, मग रक्त, मग अ‍ॅलर्जी, नसा, पोट, लिव्हर, कातडी असं. म्हणजे कॉमन गोष्टी एका जागी मिळत नाहीत, अख्खं टेबल उभं खाली वाचत जाऊन उजव्या कॉलममध्ये कॉमन दिसलं की बोट ठेवायचं. तसं केलं की या सिरपचे रोजच्या पाहण्यातले त्रास चार-पाचच निघतात. आणि शब्दांच्या डोक्यावरचे ते बारके आकडे, १, २, ३, त्यांना ओलांडून जाऊ नका, ती तळटीप असते आणि कधीकधी अख्ख्या टेबलापेक्षा कामाची निघते. इथे मळमळीच्या डोक्यावर आकडा होता आणि खाली तळटीप, की पोटाचा त्रास होत असेल तर जेवणाच्या सुरुवातीला औषध दिल्याने तो कमी होऊ शकतो. बहिणीला या एका ओळीचा जेवढा उपयोग झाला तेवढा बाकी कशाचाच नाही.

साइड इफेक्टबद्दल अजून एक, वेळ. टेबलात काय होतं ते असतं, कधी होतं ते नाही, ते ४.४ मध्ये लपलेलं असतं. या औषधाने लिव्हरला त्रास झालाच (लहान मुलांत फारच क्वचित) तर तो औषध चालू असताना किंवा लगेच नंतर दिसतो, पण काही वेळा औषध संपून कित्येक आठवडे गेल्यावरही दिसू शकतो, असं तिथे लिहिलेलं आहे. डोळे पिवळे, लघवी गडद, आणि डॉक्टर विचारतात काही औषध चालू आहे का आणि आपण म्हणतो नाही, कारण महिन्याभरापूर्वीचं कोण लक्षात ठेवतं. तसंच जुलाबाचं, साधे जुलाब कॉमनमध्ये आहेत म्हणून सगळेच जुलाब सोडून द्यायचे नाहीत, रक्त पडणारे किंवा थांबतच नसलेले जुलाब याचा वेगळा इशारा ४.४ मध्ये आहे. म्हणून माझी सवय अशी की टेबलात काही जरा काळजीचं दिसलं की तोच शब्द घेऊन ४.४ मध्ये परत जायचं.

आता स्टोरेज, जे लोकांना सगळ्यात सोपं वाटतं आणि जिथे मी सगळ्यात जास्त चुका बघितल्यात. ड्राय सिरपचं आयुष्य दोन भागांत असतं, पाणी घालण्याआधीचं आणि नंतरचं, आणि दोघांचे नियम वेगळे. बहिणीच्या फोटोत ६.४ खाली लिहिलेलं, २५ अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये, ओल लागू नये म्हणून मूळ पॅकमध्येच ठेवावं. तिने ते वाचलं आणि म्हणाली म्हणजे बाहेर ठेवायचं ना, खोलीत तेवढंच तापमान आहे. नाही! त्याच्या पुढे एक छोटं वाक्य होतं, पाणी घातल्यानंतरच्या स्टोरेजसाठी ६.३ पाहा. आणि ६.३ मध्ये, म्हणजे किती टिकतं त्या भागात, लिहिलेलं: पाणी घातल्यावर २ ते ८ अंशांत ठेवावं, गोठवू नये, ७ दिवसांत संपवावं. २ ते ८ म्हणजे फ्रिज. तिने वाचलेली ओळ पावडरसाठी होती, आणि तिच्या हातातली बाटली कधीच सिरप झालेली होती.

हे असं का, ते कळलं की लक्षात राहतं. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ओलाव्याला फार नाजूक आहे, पाण्यात पडलं की हळूहळू मोडायला लागतं, गरम असेल तर भराभर. म्हणून कंपनी पावडर देते आणि पाणी तुम्हाला घालायला लावते. फ्रिजमध्ये ते मोडणं मंदावतं, थांबत नाही, म्हणून सात दिवसांची मुदत. आणि म्हणूनच खोक्यावर छापलेली एक्सपायरी, जी दीड-दोन वर्षं पुढची असते, ती पावडरची आहे, पाणी घातलेल्या सिरपला तिचा काही संबंध नाही. तिसऱ्या आठवड्यात बाटली काढून "एक्सपायरी तर अजून आहे" म्हणणारे भरपूर भेटलेत मला.

सातच दिवस असंही धरून चालू नका, काही कंपन्यांच्या याच औषधाच्या कागदात १० दिवस लिहिलेले असतात. म्हणून तुमच्या हातातल्या खोक्यातला कागदच वाचायचा, शेजाऱ्यांच्या खोक्यातला नाही. ऑनलाइन मोठ्या अक्षरात शोधायलाही हरकत नाही, अमेरिकेचं डेलीमेड आहे, ब्रिटनचं ईएमसी आहे, तिथे हेच कागद नीट वाचता येतात, झूम-बिम काही नको. पण औषधाचं नाव जुळलं म्हणजे काम झालं असं नाही, कंपनी, ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, आणि सिरप की गोळी हे तिन्ही जुळायला हवं. नाहीतर ऑनलाइन कागदाचा उपयोग फक्त पुसट शब्द ओळखायला करायचा, आकडे मात्र आपल्याच कागदातले.

फोनमध्ये फोटोतला मजकूर कॉपी करायची सोय असते, ती वापरा, मग त्यात शोधता येतं. शोधताना अख्खा शब्द टाकू नका, कारण अरुंद कॉलममध्ये लांब शब्द ओळीच्या शेवटी तुटून अर्धा खाली जातो आणि काही कागदांत त्यात मुळातच मध्ये आडवी रेघ असते. नुसतं `contra` टाका, स्टोरेजसाठी `stor`, पाणी घातल्यानंतरचं हवं असेल तर `reconst`. पण त्या कॉपी झालेल्या मजकुरातल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका, मूळ फोटोशी पडताळा. मला वारंवार दिसलेल्या गफली या अशा:

```
2°C - 8°C      ->  20C - 80C
25°C           ->  250C
≥1/100         ->  21/100
```

अंशाचं बारकं वर्तुळ शून्य होतं, आणि "पेक्षा जास्त किंवा बरोबर" हे चिन्ह दोनचा आकडा होतं. पहिली चूक हास्यास्पद आहे म्हणून पकडली जाते, फ्रिज ८० अंशांचा नसतो. तिसरी पटकन पकडली जात नाही, शंभरात एकवीस वाचून माणूस हादरतो. आणि आकड्यांपेक्षा वाईट म्हणजे कॉलम मिसळणं. फोनला कधीकधी कळत नाही की कॉलम वेगळे आहेत, तो डावीकडून उजवीकडे सरळ वाचत सुटतो, मग डाव्या कॉलममधल्या वाक्याला उजव्या कॉलमचं शेपूट लागतं. वाक्य मध्येच विषय बदलतंय असं वाटलं की समजा हेच झालंय, एका वेळी एकच कॉलम कापून घ्या. तसंच फोटोची डावी कड तपासा, बहिणीच्या एका फोटोत एका ओळीची सुरुवातच कापली गेलेली आणि दिसत होतं फक्त "freeze", म्हणजे गोठवा. सुरुवातीचं डू नॉट बाहेर राहिलेलं. तेवढ्यावर विसंबून तिने बाटली फ्रीझरमध्ये ठेवली असती.

कागदात जे नसतं तेही सांगतो. तिने विचारलं, काल संध्याकाळी पाणी घातलं आणि बाटली रात्रभर ओट्यावरच राहिली, आता? याचं उत्तर कागदात नाही. २ ते ८ अंशांत ठेवा हे आहे, चुकून बाहेर राहिली तर किती तास चालेल हे नाही, आणि अंदाजाने सांगायलाही मी तयार नव्हतो. असल्या प्रश्नाला फार्मासिस्टला फोन करायचा, ते कंपनीला विचारू शकतात. तिने केला, त्यांनी सांगितलं नवीन बाटली घ्या. तसंच या मुलाला किती मिलिलिटर, हेही कागदातल्या वजनाच्या तक्त्यावरून आपण ठरवायचं नाही, ते चिठ्ठीत लिहिलेलं असतं आणि तेच द्यायचं. आणि औषध दिल्यावर तोंड-ओठ सुजले, श्वास लागला तर फोटो काढत कागद वाचत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत.

पुरळाचं डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी तिला दोनच गोष्टी विचारल्या, डोसनंतर किती वेळाने आलं आणि सोबत सूज किंवा श्वासाचा त्रास होता का. उत्तरं तयार होती कारण ४.३ मधले ते दोन शब्द आम्ही आदल्या रात्रीच घोळवले होते. त्यांनी द्यायला सांगितलं, पहिल्या डोसनंतर तासभर मुलाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. नव्या बाटलीचा फोटो दुसऱ्या दिवशी आला, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, लेबलवर पेनाने पाणी घातल्याची तारीख आणि खाली सात दिवसांनंतरची, तिच्याखाली दोनदा रेघ मारून "फेकायची".